धरणसाठ्याचा आकडा आणि त्याचा फेरफार

पाऊस लांबला की पुण्यात रोज सकाळी एकच प्रश्न असतो: खडकवासला साखळीत पाणी किती? खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त साठवण क्षमता २९.१५ टीएमसी आहे. त्यात आज किती पाणी आहे आणि गेल्या वर्षी याच तारखेला किती होते, यावर शहरातल्या पाणीकपातीची चर्चा चालते, आणि दौंड-इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्याचे आवर्तन कधी सोडायचे याचीही. पूर्वी हा आकडा वहीत असे, मग एक्सेलमध्ये आला, आता तो डॅशबोर्डवर ठळक अक्षरांत दिसतो. वहीत खाडाखोड दिसायची. डॅशबोर्डवर ती दिसत नाही, आणि हे पुस्तक त्या न दिसणाऱ्या खाडाखोडीविषयी आहे.

विषय नेमका सांगतो. डॅशबोर्डवरच्या प्रत्येक आकड्यामागे दोन गोष्टी असतात. एक त्याची व्याख्या, म्हणजे कोणत्या तक्त्यातून काय घ्यायचे आणि कशाला कशाने भागायचे हे सांगणारी क्वेरी. दुसरी रिफ्रेश स्क्रिप्ट, म्हणजे ठरलेल्या वेळी नवी आकडेवारी उचलून त्या तक्त्यात भरणारा छोटा प्रोग्रॅम. या दोन्ही मजकुराच्या फायली आहेत, किंवा असू शकतात. म्हणून त्या गिटमध्ये ठेवता येतात, कोणी कधी काय बदलले ते शोधता येते आणि बदल मागे घेता येतो. ‘मागे घेता येतो’ या शब्दांना मात्र एक मोठी मर्यादा आहे आणि या प्रस्तावनेचा बराचसा भाग तिच्यासाठी आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून धरणसाठ्याचा एक छोटा डॅशबोर्ड उदाहरणाला घेतो. तो ग्राफानामध्ये बनवलेला आहे आणि त्याच्या मागे पोस्टग्रेस डेटाबेस आहे. धरणांच्या क्षमता खऱ्या आहेत: खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१. साठ्याची टक्केवारी मी हिशेब सोपा जावा म्हणून घेतली आहे, पण तिचे स्वरूप पावसाळ्याच्या तोंडाशी दिसणारेच आहे. खडकवासला सगळ्यात लहान आणि सगळ्यात खाली असल्याने वरच्या धरणांतून त्यात पाणी येत राहते आणि ते बऱ्यापैकी भरलेले राहते. वरची मोठी धरणे तोवर तळाला गेलेली असतात. तर समजा, खडकवासला ८० टक्के, पानशेत २०, वरसगाव १५ आणि टेमघर १० टक्के भरले आहे.

चारही धरणांतले पाणी मिळवले तर ते बरोबर ६ टीएमसी भरते. २९.१५ ने भागले की २०.६ टक्के. आता डॅशबोर्ड सांभाळणाऱ्या कोणाला वाटले की क्वेरी उगाच लांब झाली आहे. प्रत्येक धरणाची टक्केवारी तक्त्यात आहेच, तिचीच सरासरी घेऊ. ८०, २०, १५ आणि १० यांची सरासरी ३१.२५. पडद्यावर तेवढ्याच ठळक अक्षरांत आता ३१.३ टक्के दिसू लागते. शेजारी लिहिलेली एकूण क्षमता तीच असल्याने वाचणारा मनात ९.१ टीएमसी पाणी धरतो. म्हणजे ३ टीएमसीहून जास्त पाणी कुठेच नसताना हिशेबात येते, आणि ते पूर्ण भरलेल्या खडकवासला धरणाच्या दीडपट आहे.

या चुकीचा त्रास असा की ती चूक म्हणून उठून दिसत नाही. ३१ टक्के हा आकडा अशक्य नाही, आलेखात खड्डा पडत नाही, लाल खूण येत नाही. उलट क्वेरी बदलल्यामुळे मागच्या सगळ्या तारखाही नव्या पद्धतीने मोजल्या जातात, त्यामुळे रेषा सलगच राहते. शंका येते ती बाहेरून. कोणीतरी जलसंपदा विभागाचे दैनिक पत्रक शेजारी ठेवते आणि विचारते की तुमच्याकडे दहा टक्के जास्त का? मग शोध सुरू होतो. व्याख्या जर ग्राफानाच्या आतच राहत असेल तर हा शोध फार लांब जात नाही. ग्राफाना स्वतः जुन्या आवृत्त्या ठेवते, पण मूळ सेटिंगप्रमाणे दर डॅशबोर्डच्या शेवटच्या २० च. पॅनेलचा रंग बदलला, रुंदी वाढवली, शीर्षकातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, प्रत्येक वेळी सेव्ह दाबले की त्या वीसांतली एक जागा जाते. दोन महिन्यांनी विचारले तर तो बदल यादीतून कधीच बाहेर गेलेला असतो. यादीत असला तरी बहुतेक वेळा कारणाची जागा रिकामीच सापडते, कारण सेव्ह करताना ते लिहिणे सक्तीचे नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याहून चांगली व्यवस्था माहीत आहे. सातबारा आजची स्थिती दाखवतो, पण ती स्थिती कशी आली हे गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही सांगते. फेरफाराला क्रमांक असतो, तो सातबाऱ्यावर लिहिलेला असतो. तलाठी नोंद घेतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. नोंद चुकीची ठरली तर पान फाडत नाहीत, नवी नोंद घालतात. डॅशबोर्डला सातबारा मानले तर गिटचा रेपो हा त्याचा नमुना ६ आहे, आणि पुढचे सगळे काम ही वही नीट कशी ठेवायची याचे आहे.

पहिले काम व्याख्या बाहेर काढण्याचे. ग्राफानाचा डॅशबोर्ड जेसॉन स्वरूपात मिळतो. तो तसाच रेपोत टाकला तर काही दिवसांत वैताग येतो, कारण दर सेव्हला त्यातला आवृत्तीचा क्रमांक बदलतो आणि काहीच महत्त्वाचे बदललेले नसताना गिट फरक दाखवते. म्हणून उतरवतानाच ते आकडे काढून टाकायचे आणि उरलेल्या नोंदी ठरावीक क्रमाने लावायच्या:

```
curl -s -H "Authorization: Bearer $GRAFANA_TOKEN" \
  "$GRAFANA_URL/api/dashboards/uid/dharan-satha" \
  | jq -S '.dashboard | del(.id, .version)' \
  > dashboards/dharan-satha.json
```

तरीही एक अडचण राहते. जेसॉनमध्ये पूर्ण क्वेरी एकाच लांब ओळीत कोंबलेली असते. तिच्यातला एक शब्द बदलला तरी गिट पूर्ण ओळ बदलली म्हणून दाखवते आणि तपासणाऱ्याचे डोळे त्यावरून घसरतात. माझा ठाम सल्ला असा की ज्या आकड्यावर निर्णय होतात त्याची क्वेरी डॅशबोर्डमध्ये ठेवूच नये. ती डेटाबेसमध्ये व्ह्यू म्हणून ठेवावी, त्या व्ह्यूची स्वतंत्र एसक्यूएल फाइल रेपोत असावी आणि डॅशबोर्डने फक्त तो व्ह्यू वाचावा. मग आपल्या उदाहरणातला बदल असा दिसतो:

```
-  100.0 * sum(live_tmc) / sum(capacity_tmc) AS takke
+  avg(100.0 * live_tmc / capacity_tmc) AS takke
```

दोन ओळी शेजारी शेजारी आल्या की ज्याला धरणे माहीत आहेत त्याला पुढचे सांगावे लागत नाही. १.९७ टीएमसीच्या खडकवासल्याला १२.८२ च्या वरसगावएवढेच वजन मिळाले आहे, हे इथे वाचता येते. तपासणाऱ्याला गिट येण्यापेक्षा पाण्याचा हिशेब येणे जास्त गरजेचे आहे, असे माझे मत आहे. गिट बदल समोर मांडते, तो बरोबर की चूक हे ते सांगत नाही. दोन प्रोग्रॅमरनी एकमेकांचे बदल मान्य केले आणि दोघांनीही सरासरीचा प्रश्न विचारला नाही, तर चुकीचा आकडा दोन सह्यांनिशी पडद्यावर जाईल.

दुसरे काम दार एकच ठेवण्याचे. रेपोत एक व्याख्या आणि पडद्यावर दुसरी, ही अवस्था रेपो नसण्यापेक्षा वाईट आहे, कारण मग वहीवर विश्वास ठेवून चुकीच्या जागी शोध घेतला जातो. ग्राफानाला डॅशबोर्ड फायलींतून उचलायला सांगता येते आणि त्या सेटिंगमध्ये `allowUiUpdates: false` ठेवले की पडद्यावरून केलेला बदल सेव्ह होत नाही. लोक सुरुवातीला कुरकुर करतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते: पॅनेल दोन बोटे सरकवायलाही आता फाइल बदलावी लागते. यावर उपाय म्हणजे प्रयोगासाठी वेगळा फोल्डर मोकळा ठेवायचा आणि निर्णयाचे डॅशबोर्ड तेवढे बंद ठेवायचे. व्ह्यूचेही तसेच. डेटाबेसमध्ये थेट जाऊन व्ह्यू बदलण्याचा अधिकार माणसांकडे न ठेवता रेपोतून चालणाऱ्या स्क्रिप्टकडे ठेवावा.

पॉवर बीआय किंवा टॅब्लो वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. पॉवर बीआयची `.pbix` फाइल ही एक बंद पेटी असते. गिट फार तर ती बदलली एवढेच सांगते. तोच रिपोर्ट `.pbip` स्वरूपात ठेवला की मजकुराच्या वेगवेगळ्या फायली मिळतात आणि मोजमापांची सूत्रे ओळीने वाचता येतात. टॅब्लोची `.twb` फाइल मजकुराची आहे, `.twbx` गठ्ठा बांधलेली. या पुस्तकातली पद्धत तिथेही चालते, फायलींची नावे बदलतात.

हे झाले की शोध सोपा होतो. व्ह्यूच्या फायलीत `avg(` हा मजकूर कोणत्या कमिटमध्ये आला किंवा गेला ते गिटला विचारायचे आणि सापडलेला बदल उलटवायचा:

```
git log -S'avg(' -- views/ekun_satha.sql
git revert a41c9e2
```

`git revert` जुनी नोंद पुसत नाही. तिच्या उलट बदल करणारी नवी नोंद घालते, त्यामुळे चूक किती दिवस पडद्यावर होती हेही नंतर वाचता येते. बाहेरच्यांना उत्तर देताना ही दोन टोके, सुरू कधी झाले आणि थांबले कधी, हवीच असतात.

सगळे बदल चुकीचे नसतात. २०१६ मध्ये टेमघर धरणाची गळती गाजली आणि पुढे दुरुस्तीसाठी तिथला साठा खाली ठेवावा लागला. अशा वर्षी टेमघरला एकूण टक्केवारीत धरायचे की नाही, हा रास्त प्रश्न आहे. वगळले तर छेद २९.१५ वरून २५.४४ टीएमसी होतो आणि आपल्या उदाहरणातली टक्केवारी २०.६ वरून २२.१ होते. दोन्ही उत्तरांच्या बाजूने बोलता येते. बोलता येत नाही ते कारण न लिहिता केलेल्या बदलाच्या बाजूने. अशा कमिटचा संदेश मी असा लिहायला सांगेन:

```
एकूण टक्केवारीतून टेमघर वगळले
कारण: दुरुस्तीसाठी साठा मुद्दाम खाली ठेवला आहे.
छेद: २९.१५ ऐवजी २५.४४ टीएमसी. मागील वर्षाची रेषाही याच छेदाने.
परत कधी घ्यायचे: दुरुस्तीनंतर धरण पूर्ण भरू लागले की.
```

यातली मागील वर्षाच्या रेषेची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. यंदाचा आकडा नव्या छेदाने आणि गेल्या वर्षीचा जुन्या छेदाने मोजला तर तुलनेला अर्थ उरत नाही, आणि पुण्यात साठ्याची चर्चा मुख्यतः तुलनेचीच असते.

आता ती मोठी मर्यादा. वरचे उदाहरण सोपे होते, कारण चूक व्याख्येत होती. व्याख्या फक्त वाचते, ती उलटवली की आकडा त्याच क्षणी दुरुस्त होतो. रिफ्रेश स्क्रिप्ट लिहिते. ती उलटवली तर उद्यापासून बरोबर लिहील, पण आजपर्यंत चुकीचे लिहिलेले तक्त्यात तसेच राहील. गिट कोड मागे नेते, डेटा मागे नेत नाही.

समजा, रोज सकाळी सातला चालणारी स्क्रिप्ट पत्रकातून प्रत्येक धरणाचा साठा उचलते. पत्रकात दोन रकाने आहेत, एकूण साठा आणि उपयुक्त साठा. एकूण साठ्यात मृतसाठाही येतो, म्हणजे विमोचकाच्या खाली राहणारे पाणी, जे नेहमीच्या मार्गाने सोडता येत नाही. पत्रकाचा नमुना बदलला, रकाने एक घर सरकले, स्क्रिप्ट दुरुस्त करणाऱ्याने चुकून एकूण साठ्याचा रकाना धरला. त्या दिवसापासून प्रत्येक धरण आपापल्या मृतसाठ्याएवढे जास्त भरलेले दिसते. ओळखण्याची खूण इथे मिळते: बदलाच्या दिवशी चारही धरणांत एकदम उडी दिसते, पण त्या दिवशी पाऊसही नसतो आणि पाण्याची आवकही. आवक नसताना वाढलेला साठा हा तपासणीचा कायमचा नियम म्हणून स्क्रिप्टमध्येच घालता येतो, आणि घालावा.

चूक सापडल्यावर तक्ता दुरुस्त करायचा तर तीन गोष्टी आधीपासून केलेल्या असाव्या लागतात. पहिली, रोजचे पत्रक जसे आले तसे तारखेच्या नावाने साठवलेले असावे, त्यावर कोणी हात फिरवलेला नसावा. दुसरी, स्क्रिप्ट एकाच तारखेसाठी कितीही वेळा चालवली तरी उत्तर तेच यावे. त्यासाठी धरण आणि तारीख मिळून एकच ओळ असावी आणि पुन्हा चालवल्यास तीच ओळ बदलावी, दुसरी वाढू नये. तिसरी गोष्ट लोक विसरतात: प्रत्येक ओळीवर ती कोणत्या कमिटच्या स्क्रिप्टने लिहिली ते नोंदवावे. `git rev-parse --short HEAD` या आज्ञेने मिळणारी ती छोटी खूण स्क्रिप्टने स्वतःच `script_commit` या रकान्यात टाकावी. मग चुकीच्या कमिटपासून तो उलटवेपर्यंतच्या सगळ्या ओळी एका प्रश्नात मिळतात, तेवढ्याच तारखांची जुनी पत्रके दुरुस्त स्क्रिप्टमधून पुन्हा जातात आणि बाकी तक्त्याला धक्का लागत नाही.

या खुणेचा उपयोग तेव्हाच, जेव्हा सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट खरोखर त्या कमिटमधली असते. रात्री घाईत सर्व्हरवरच्या फायलीत एक ओळ बदलली आणि कमिट केली नाही, तर खूण जुनी आणि वागणूक नवी. म्हणून `git status --porcelain` काहीही दाखवत असेल तर स्क्रिप्टने चालायला नकार द्यावा. नकाराने एखाद्या दिवशी आकडा उशिरा येईल. मला तो उशीर मान्य आहे.

वेळापत्रकही रेपोतच असावे, कारण तेही व्याख्येचा भाग आहे. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर असेल तर सकाळी सातची वेळ ०१:३० अशी लिहावी लागते. ती ०७:०० लिहिली गेली तर स्क्रिप्ट दुपारी साडेबाराला चालते आणि तोवर सगळे कालचा आकडा आजचा म्हणून वाचतात. पासवर्ड मात्र रेपोत कधीच नको. एकदा कमिट झालेला पासवर्ड नंतर पुसला तरी इतिहासात राहतो, म्हणून तो फुटला असे धरून बदलावाच लागतो.

आकडा बदलण्याचे एक कारण असेही आहे, ज्यात कोडचा काहीच दोष नसतो. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने कोविड मृत्यूंच्या आकड्यांचा ताळमेळ घालून आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकूण संख्येत मिळवले; त्यातले ८६२ मुंबईचे होते. ज्यांच्या डॅशबोर्डवर रोजचे मृत्यू नोंद झालेल्या तारखेने होते, त्यांच्याकडे त्या दिवशी एक प्रचंड खांब उभा राहिला. व्याख्या तीच होती, स्क्रिप्ट तीच होती, मूळ माहितीच सुधारली होती. ही सुधारणा स्क्रिप्टमध्ये ‘या तारखेला एवढे वजा करा’ असे लिहून लपवणे सगळ्यात घातक, कारण वर्षभराने ती ओळ कोणाला कळत नाही आणि काढायची हिंमतही कोणी करत नाही. दुरुस्तीचा स्वतंत्र तक्ता ठेवावा: तारीख, जुना आकडा, नवा आकडा, कारण, कोणत्या पत्रकाने. covid19india.org चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी ३१ ऑक्टोबर २०२१ ला काम थांबवेपर्यंत आपली माहिती आणि कोड गिटहबवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. दुरुस्त्या उघड्यावर ठेवणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर तिथे पाहावे.

पुस्तकाची पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी व्याख्या, मग स्क्रिप्ट, मग डेटाच्या दुरुस्त्या. वाचणाऱ्याला गिटच्या मोजक्या आज्ञा आणि साधी एसक्यूएल येते एवढेच गृहीत धरले आहे. ज्यांच्याकडे आज काहीच नाही, त्यांनी सगळे डॅशबोर्ड एकदम हलवू नयेत. ज्या एका आकड्यावर बैठकीत वाद होतो त्याचा व्ह्यू बाहेर काढावा, त्याचे रोजचे पत्रक जपायला लागावे आणि एक पावसाळा तेवढेच चालवून पाहावे.

एक गोष्ट कोणतीही पद्धत परत आणू शकत नाही. चुकीचा ३१.३ टक्क्यांचा आकडा पडद्यावर असताना कोणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकलेला असतो, बैठकीच्या टिपणात तो उतरलेला असतो. तिथे गिटचा हात पोचत नाही. म्हणून पॅनेलच्या खालीच बारीक अक्षरांत तीन गोष्टी छापाव्यात: पत्रकाची तारीख, छेद किती टीएमसीचा, आणि व्ह्यूच्या कमिटची खूण. मग तो फोटो सहा महिन्यांनी कोणी समोर ठेवला, तरी त्यातला आकडा कोणत्या व्याख्येने आला होता हे `git show` लगेच सांगते, आणि दुरुस्तीचे पत्र त्या खुणेसह लिहिता येते.